सगळं नीट केलं, तरी सिरी परत का आली नाही?

प्रश्न: "‘विचर ३’ नव्वद तास खेळलो. गरिबांकडून पैसे घेतले नाहीत, उगाच कुणाला मारलं नाही, सिरीची तर सतत काळजी घेतली. तरी शेवटी ती परत आलीच नाही. मित्राने निम्मे साइड क्वेस्ट सोडले, त्याला मात्र चांगला शेवट मिळाला. गेम हे नेमकं कशावरून ठरवते? मी स्वतः रेनपायमध्ये एक छोटी गेम करतोय, तिला तीन शेवट द्यायचेत. म्हणून जरा मुळापासून सांगा."

आधीच सांगून ठेवतो, खाली ‘विचर ३’ आणि ‘मास इफेक्ट २’ दोन्हींचे शेवट उघडे पडणार आहेत. ज्यांना अजून खेळायचंय त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

मी बरीच वर्षं कथाप्रधान गेम्सचे क्वेस्ट लिहितो, आणि लिहिण्यापेक्षा जास्त वेळ दुसऱ्यांचे क्वेस्ट तपासण्यात जातो. तुमच्यासारखी तक्रार आमच्याकडे दर महिन्याला येते आणि बहुतेक वेळा गेममध्ये बिघाड नसतो. तुम्ही चांगले वागलात, पण ज्या ठिकाणी वागलात तिथे गेम काही लिहूनच घेत नव्हती. किराणावाल्याच्या उधारीच्या वहीसारखं आहे हे. तुम्ही दुकानात रोज हसून बोलता, त्याच्या पोराला अभ्यासात मदत करता, पण महिन्याच्या शेवटी तो वहीत जे लिहिलंय तेवढंच बघतो. गेमची वही तर याहून कोरडी असते. तिच्यात काही आकडे आणि काही हो-नाहीच्या खुणा, एवढंच. शेवटच्या प्रसंगाआधी ती वही एकदा उघडते आणि मग कुठला शेवट दाखवायचा ते ठरतं.

सिरी म्हणजे तुम्ही ज्याच्या भूमिकेत खेळता त्या गेराल्टने, राक्षस मारणाऱ्या विचरने, मुलीसारखी वाढवलेली पोर. तिच्या वहीत नोंदी फक्त पाच. तुम्ही नव्वद तासांत शेकडो पर्याय निवडलेत, त्यातले पाच मोजले गेले.

केअर मॉर्हेनच्या लढाईत गेराल्टचा गुरू वेसेमिर गेल्यावर ‘ब्लड ऑन द बॅटलफील्ड’मध्ये सिरी खचून बसलेली असते. तिथे "तुला सगळंच जमायला हवं असं नाही, सोड आता" अशा अर्थाचं बोलून तिच्याबरोबर दारू प्यायलात तर नोंद वजा. तिला बाहेर नेऊन बर्फाचे गोळे फेकलेत तर नोंद अधिक. दुसरी नोंद त्याच क्वेस्टमधली आहे. तिला बाप सम्राट एमिरकडे भेटायला नेलंत आणि तो देतोय ते पैसे घेतलेत तर वजा, नाकारलेत तर अधिक. तिसरी नोंद जादूगारणींच्या लॉजबरोबरच्या भेटीची. तिला एकटीला आत जाऊ दिलं तर अधिक, सोबत गेलात तर वजा. उरलेल्या दोन ‘द चाइल्ड ऑफ द एल्डर ब्लड’मध्ये. तिचा शिक्षक अवलाख याच्या प्रयोगशाळेत ती संतापते तेव्हा तिला तोडफोड करू द्यायची की शांत करायचं, आणि पुढे तिला मदत केलेल्या स्क्यालच्या कबरीवर तिच्याबरोबर जायचं की वेळ नाही म्हणायचं. दोन्हीकडे पहिला पर्याय अधिक, दुसरा वजा. तीन अधिक जमले की सिरी परत येते. तीन वजा पडले की येत नाही, आणि गेराल्ट दलदलीतल्या शेवटच्या चेटकिणीच्या मागे वेसेमिरचं पदक शोधत जातो.

आता तुमचं वाक्य परत वाचा: "सतत काळजी घेतली." माझा अंदाज आहे की लॉजच्या भेटीला तुम्ही तिच्याबरोबर गेलात, प्रयोगशाळेत तिला आवरलंत, आणि बर्फाच्या गोळ्यांऐवजी तिला "राहू दे गं" म्हणालात. तिन्ही वेळा हेतू चांगला होता, तिन्ही वेळा नोंद वजा झाली. कारण हा काउंटर तुम्ही किती प्रेमळ आहात ते मोजतच नाही. मुलीला स्वतःच्या पायावर उभं राहू देता का, एवढंच तो मोजतो. हे ज्यांनी लिहिलंय त्यांचं मला कौतुक वाटतं, पण खेळणाऱ्याला ते कुठेही सांगितलेलं नाही हेही तितकंच खरं. पडद्यावर "सिरीला हे आवडलं" अशी पट्टी येत नाही. प्रेम आणि सांभाळणं या दोन गोष्टी आपल्याकडे इतक्या एकजीव आहेत की माझ्या ओळखीतले बहुतेक जण पहिल्या खेपेला लॉजच्या दारातच आपटले. मीही.

अंदाज बरोबर आहे का ते तपासायला सोपा उपाय आहे. सिरी शेवटी पांढऱ्या थंडीत चालत जाते तेव्हा तिला मागचे प्रसंग आठवतात. ते उगाच घातलेले नाहीत, तुमच्या वहीतली पानं आहेत ती. तो भाग परत पाहा, म्हणजे कुठे काय लिहिलं गेलं ते कळेल. पुन्हा खेळायचं असेल तर वेसेमिरच्या मृत्यूनंतर लगेचचा सेव्ह पुरतो, सुरुवातीपासून नव्वद तास घालवायची गरज नाही.

आणि तुमच्या मित्राचं कोडंही इथेच सुटतं. हे पाचही प्रसंग मुख्य कथेच्या वाटेवर आहेत. त्याने साइड क्वेस्ट सोडले तरी या पाच जागांवरून तो गेलाच, आणि तिथे त्याचे पर्याय तुमच्याहून बरे पडले. पण त्याला विचारा, त्याची सिरी विचर झाली की सम्राज्ञी? मी पैज लावतो, विचर.

सम्राज्ञीचा शेवट दुसऱ्या प्रकारच्या नोंदीवर चालतो, आणि इथे सुटलेले क्वेस्ट माणसाला पकडतात. त्यासाठी पाचाचा हिशेब तर जमायला हवाच, शिवाय सिरी एमिरला भेटलेली हवी आणि युद्ध एमिरच्या निल्फगार्ड साम्राज्याने जिंकलेलं हवं. निल्फगार्ड जिंकायचा तर विरुद्ध बाजूचा राजा रॅडोविड मरायला हवा, आणि त्याच्या खुनाचा कट ‘रीझन ऑफ स्टेट’ या साइड क्वेस्टमध्ये आहे. त्याआधीच्या साखळीतले क्वेस्ट ‘आइल ऑफ मिस्ट्स’ला जायच्या आत संपवावे लागतात. बेटावर निघताना गेम इशारा देते, पण कुठले क्वेस्ट बुडतील आणि त्यांच्यावाचून कुठला शेवट बंद होईल हे त्या इशाऱ्यात नसतं. शिवाय वाटेत एका ठिकाणी चिडून कटातला साथीदार दायक्स्ट्रा याला जोरात ढकललंत तर त्याचा पाय मोडतो आणि कटाचं दार कायमचं बंद. सगळं पार पाडलंत तरी खुनानंतर दायक्स्ट्रा उलटतो. तेव्हा कटातला दुसरा साथीदार रोश याची बाजू घेतलीत तर निल्फगार्ड जिंकतो, बाजूला झालात तर दायक्स्ट्रा सत्तेवर बसतो.

यात एक बारीक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या गेमसाठी उपयोगाची आहे. क्वेस्ट केलाच नाही तर रॅडोविड जिंकतो. म्हणजे "मला राजाला मारायचं नाही" असं विचार करून ठरवणारा आणि तो क्वेस्ट नजरेसच न पडलेला, दोघांना एकच निकाल. गेमला दोघांतला फरक कळत नाही, कारण वहीत दोघांसाठीही एकच कोरी जागा आहे. पहिल्याला वाटतं, माझ्या निर्णयाचा परिणाम झाला. दुसऱ्याला वाटतं, आपल्याला फसवलं. सुटलेल्या क्वेस्टबद्दलचा राग मी जितका पाहिलाय तो बहुतेक या दुसऱ्या माणसाचा असतो.

आता नीतीच्या गुणांकडे येतो. विचरमध्ये ते नाहीतच, म्हणून तुमचे गरिबांकडून न घेतलेले पैसे कुठेही जमा झाले नाहीत. ते बघायचे तर २०१० ची ‘मास इफेक्ट २’ घ्या. तिथे दयेची पॅरागॉन आणि दमदाटीची रेनेगेड अशा दोन पट्ट्या उघड दिसतात, त्यामुळे लोकांना वाटतं की हे सोपं आहे, भरपूर गुण जमवले की झालं. पण मोठमोठ्या संवादांतले निळे-लाल पर्याय उघडायला एकूण गुण बघितले जात नाहीत. तुम्ही आतापर्यंत जिथे जिथे गेलात तिथे मिळू शकत होते त्यातले किती मिळवलेत, ते प्रमाण बघितलं जातं. समजायला आकडे माझ्या मनाचे घेतो. तोवर शंभर पॅरागॉन गुण शक्य होते आणि तुम्ही ऐंशी मिळवले, तर पर्याय उघडतो. दुसऱ्याने त्याच जागा फिरून कधी दया, कधी दमदाटी असं करत दोन्हीकडे पंचेचाळीस मिळवले, तर त्याच्याकडे एकूण नव्वद गुण असूनही दोन्ही पर्याय करडेच राहतात. परिस्थिती बघून वागणारा सुजाण माणूस इथे नापास होतो आणि एकच बाजू धरून बसणारा पास.

त्याचा फटका शेवटाला कसा बसतो ते बघा. तुमच्या तुकडीतल्या मिरांडा आणि जॅक या दोघींच्या निष्ठेच्या मोहिमा झाल्या की त्या जहाजावर भांडतात. प्रमाण पुरेसं असेल तर तुम्ही मिटवू शकता. नसेल तर एकीची बाजू घ्यावी लागते आणि दुसरीची निष्ठा जाते. निष्ठा गेलेला माणूस शेवटच्या मोहिमेत चुकीच्या कामावर लावला की कुणीतरी मरतं, कधी तो स्वतः, कधी शेजारचा. म्हणजे नीतीचा आकडा थेट शेवट ठरवत नाही. तो नात्याची खूण पुसतो आणि ती पुसलेली खूण काही तासांनी माणूस मारते. खेळणाऱ्याला दिसतं फक्त शेवटचं टोक, आणि तो म्हणतो, "मी तर तिला योग्य काम दिलं होतं."

त्याच गेममध्ये सुटलेल्या कामांची उलटी गंमतही आहे. शत्रूकडचं ओळख-यंत्र जहाजाला जोडल्यानंतर खलाशांचं अपहरण होतं. लगेच मागे गेलात तर सगळे वाचू शकतात. एक ते तीन मोहिमा उरकून गेलात तर निम्मे मेलेले असतात. त्याहून उशीर केलात तर डॉक्टर चॅक्वासशिवाय कुणीच उरत नाही. गेमर म्हणून आपल्याला सवय लागलेली असते की मुख्य काम वाट बघतं, आधी बाकीचं आवरून घ्यावं. विचरमध्ये साइड क्वेस्ट न केल्याची शिक्षा आहे, इथे केल्याची. कुठली गेम कशी वागेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून "सगळं करून मगच पुढे जा" किंवा "थेट कथा पकड" असा सरसकट सल्ला मी कुणाला देत नाही.

आता तुमच्या रेनपायच्या गेमबद्दल, आमच्या फजितीसकट.

आम्ही एका छोट्या स्टुडिओसाठी जुन्या छापखान्याची गोष्ट केली होती. नातू आजोबांचा छापखाना विकायला गावी येतो. आजोबांबरोबरचे सहा प्रसंग, प्रत्येकी एक गुण. शिवाय खिळ्यांच्या केसमध्ये आजीचं एक पत्र, जे तिसऱ्या प्रकरणात सामान विकलं जाण्याआधी सापडलं तर सापडलं. शेवट तीन: छापखाना पुन्हा सुरू होतो, आजोबांचा नीट निरोप घेऊन नातू परततो, किंवा नुसतं कुलूप लागतं. कोड असा होता:

```
if ajoba >= 3:
    jump shevat_nirop
elif ajoba >= 5 and patra:
    jump shevat_chhapkhana
else:
    jump shevat_kulup
```

तपासणाऱ्या पाच जणांपैकी एकालाही छापखान्याचा शेवट मिळाला नाही. आम्हाला वाटलं, अट कडक झाली. पाचाचे चार केले. तरी कुणाला नाही. पत्र जास्त ठळक केलं, त्या खणावर चक्क उजेड पाडला. तरी नाही. शेवटी एकीने `Shift+O` दाबून कन्सोल उघडला, `ajoba = 6` आणि `patra = True` असं हाताने भरलं आणि शेवटचा प्रसंग चालवला. निरोपच आला! मग सगळ्यांच्या लक्षात आलं. अटी वरून खाली तपासल्या जातात, आणि ज्याच्याकडे पाच गुण आहेत त्याच्याकडे तीन असतातच. पहिलीच ओळ सगळ्यांना गिळत होती. आम्ही दोन आठवडे खेळणाऱ्यांच्या वागण्यात खोट शोधत होतो, आणि खोट दोन ओळींच्या क्रमात होती. सगळ्यात कडक अट सगळ्यात वर हवी:

```
if ajoba >= 4 and patra:
    jump shevat_chhapkhana
elif ajoba >= 3:
    jump shevat_nirop
else:
    jump shevat_kulup
```

एखादा शेवट कुणालाच मिळत नसेल तर अट सैल करण्याआधी कन्सोलमध्ये कमाल आकडे भरून बघा. तरीही तो येत नसेल तर दोष कोडचा. आकडे भरल्यावर येतो पण खेळताना येत नाही, तर मग उंबरठा किंवा प्रसंगांची मांडणी बघायची. हे निदान करायला पाच मिनिटं लागतात. आणि काउंटर फाइलच्या वर `default ajoba = 0` असा जाहीर करा. आमच्या दुसऱ्या एका कामात कुणीतरी दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला `$ ajoba = 0` लिहून ठेवलं होतं, त्यामुळे पहिल्या प्रकरणात मिळवलेलं सगळं तिथे शून्य व्हायचं आणि सगळे खेळणारे थोडक्यात हुकायचे. सगळ्यांना थोडेच गुण कमी पडत असतील तर अशी ओळ शोधा.

उंबरठा किती ठेवायचा हे मात्र परिस्थितीवर आहे. आमचा हिशेब असा झाला. सहा प्रसंगांपैकी दोन ऐच्छिक होते, म्हणजे नुसती मुख्य कथा खेळणाऱ्याला चारच प्रसंग दिसायचे. उंबरठा पाचावर होता तेव्हा त्याला छापखान्याचा शेवट कसाही शक्य नव्हता, पत्र मिळालं तरी. चारावर आणल्यावर तो शक्य झाला, पण एकही चूक न करता. निरोपाला तीन ठेवल्यामुळे एक चूक माफ झाली. तुमचे सगळे प्रसंग मुख्य वाटेवर असतील तर पाचात तीन हा विचरचा हिशेब मला चांगला वाटतो. एकदोन ठिकाणी माणूस चुकतोच, आणि तेवढ्याने शेवट जाऊ नये. गेम तासाभराची असेल तर उंबरठा चढा चालतो, कारण लोक परत खेळतात. वीस तासांची असेल तर चढ्या उंबरठ्याचा दुसरा शेवट लोक तुमच्या गेममध्ये न बघता यूट्यूबवर बघतील.

शेवटी पत्राबद्दल. सुरुवातीला `patra` ही नुसती हो-नाहीची खूण होती. एका तपासणाऱ्याने पत्र शोधलं, वाचलं, आणि आजोबांना त्रास नको म्हणून परत खणात ठेवलं. गेमने त्याला पत्र सापडलंच नाही असं धरलं आणि निरोपाच्या शेवटात नातू म्हणाला, "आजीचं काहीच उरलं नाही इथे." त्या गृहस्थांनी आम्हाला जो ईमेल लिहिला तो मी अजून जपून ठेवलाय. रॅडोविडच्या बाबतीत मी म्हटलं ना, न दिसलेलं आणि नाकारलेलं एकाच कोऱ्या जागेत पडतं, तेच आम्ही केलं होतं. मग ती खूण `"nahi"`, `"vachale"`, `"dile"` अशी तीन किमतींची केली आणि वरची अट `patra == "dile"` अशी बदलली. शेवट तीनच राहिले. फक्त निरोपाच्या प्रसंगात, पत्र वाचून परत ठेवणाऱ्यासाठी, नातू निघताना खिळ्यांच्या त्या खणावर एकदा हात ठेवतो आणि काही बोलत नाही. लिहायला दोन ओळी लागल्या.

तुमची गेम अजून लिहायची असेल तर आत्ताच एका कागदावर प्रत्येक खुणेसमोर एवढं मांडा: ती कुठे बदलते, कुठे तपासली जाते, आणि खेळणारा तिथे गेलाच नाही तर तिची किंमत काय असते. तिसरा रकाना भरताना अडलात तर इथे लिहा, कोड टाकलात तर मी बघतो.